शनिवारची यादी

शनिवारी संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला इनचार्ज सिस्टर नोटीस बोर्डावर कागद टाचायच्या आणि इव्हिनिंगच्या मुली हातातलं काम टाकून तिथे जायच्या. प्रत्येकीचं बोट आधी आपल्या नावावर आणि मग त्या नावापुढच्या सात चौकटींवरून सरकायचं. सोमवारी काय, ऑफ कधी, नाइट लागली का? ज्या त्या वेळी घरी असायच्या त्या फोन करून विचारायच्या. सोमवारी सकाळी सातला मॉर्निंग लागली असेल, तर मुलाला शाळेत कोण सोडणार याची सोय करायला हातात फक्त रविवार उरायचा.

मी बरीच वर्षं या बोर्डासमोर उभी राहिले आणि नंतर काही वर्षं ती यादी स्वतः लिहिली. ती किती दिवस आधी लावायची आणि लावल्यावर बदल कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रुग्णालयात इंजेक्शन कसं द्यायचं याला नियम असतो, ड्यूटी लिस्ट मात्र परंपरेने चालते. शनिवारी लावायची, कारण आधीच्या सिस्टरही शनिवारीच लावायच्या.

किती दिवस आधी, हा प्रश्न विचारला की लोक एक आकडा सांगतात: आठवडाभर, पंधरा दिवस, महिना. आकडा कशापासून मोजला, हे आधी बघायला हवं. शनिवारी सात वाजता लागलेल्या आठवड्याच्या यादीत पुढच्या रविवारची ड्यूटी आठ दिवस आधी कळते, पण सोमवारची मॉर्निंग जेमतेम छत्तीस तास आधी. ‘आम्ही आठवड्याची यादी आधी लावतो’ असं म्हणणाऱ्या वॉर्डात सोमवारवाल्यांना दीड दिवसाचीच सूचना मिळते. म्हणून सूचनेचा काळ नेहमी यादीतल्या पहिल्या दिवसापासून मागे मोजायचा, शेवटच्या किंवा मधल्या दिवसापासून नाही.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत ज्युनियर डॉक्टरांच्या 2016 च्या करारात ड्यूटीचं वेळापत्रक किमान सहा आठवडे आधी द्यायचं ठरलं. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून फास्ट फूडच्या दुकानांना कामगारांचं वेळापत्रक 14 दिवस आधी द्यावं लागतं. नंतर बदल केला तर कामगाराला वेगळे पैसे द्यावे लागतात आणि बदल जितका उशिरा, तितकी रक्कम मोठी. लवकर सांगून तास वाढवले तर दहा डॉलर, चोवीस तासांच्या आत कामच रद्द केलं तर पंचाहत्तर. आपल्या रुग्णालयांना हा कायदा लागू नाही, पण त्यातली एक गोष्ट मला फार पटते. बदलाला बंदी नाही, मात्र त्याची किंमत आहे, आणि ती बदल करणाऱ्याने भरायची आहे. आपल्याकडे ती किंमत बदल सोसणारी भरते.

मग आपणही सहा आठवडे आधी यादी लावावी का? लहान रुग्णालयात हे टिकत नाही. इंग्लंडमध्ये वार्षिक रजा कित्येक महिने आधी नोंदवलेल्या असतात आणि रिकामी जागा भरायला बहुतेक रुग्णालयांकडे तासांवर काम करणाऱ्या नर्सेसची स्वतःची फळी असते. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या खासगी रुग्णालयात अशी फळी नसते. सरकारी भरतीचा निकाल लागला की एखादी मुलगी आठ दिवसांत सोडून जाते. लग्नाची तारीख तीन आठवड्यांवर आली की रजेचा अर्ज येतो. तिथे सहा आठवड्यांची यादी लावली, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती खोडाखोडीने भरते, आणि मग माणसं बोर्डाकडे बघणंच सोडतात. वाचून उपयोग नाही असं एकदा वाटलं की यादी लांबची आहे की जवळची, याने काही फरक पडत नाही. माझ्या मते यादी फार उशिरा लावण्यापेक्षाही हे वाईट.

योग्य आकडा आपल्याच वॉर्डातून काढता येतो. त्यासाठी दोन महिने एक साधी वही ठेवायची. यादीत बदल झाला की तीन गोष्टी लिहायच्या: कोणत्या तारखेची ड्यूटी बदलली, बदलाचं कारण पहिल्यांदा कधी कळलं, आणि कारण काय. दोन महिन्यांनी कारणांचे साधारण तीन ढीग पडतात. पहिल्यात लग्न, साखरपुडा, मुलांच्या परीक्षा, गावची जत्रा. ही कारणं ज्यांची असतात त्यांना ती बहुतेक वेळा तीन आठवडे आधीच ठाऊक असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. दुसऱ्यात रुग्णालयाची स्वतःची कारणं येतात: नवे सर्जन दर बुधवारी येऊ लागले, आरोग्य शिबिर ठरलं, एखादीला आयसीयूत पाठवलं. ही बहुधा आठ-पंधरा दिवस आधी ऑफिसात कुणाला तरी माहीत असतात. तिसरा ढीग आजारपणाचा, आणि तो त्याच दिवशी सकाळी कळतो. कितीही दिवस आधी यादी लावली तरी तिसरा ढीग कमी होत नाही. म्हणून सूचनेचा काळ पहिल्या दोन ढिगांकडे बघून ठरवायचा आणि तिसऱ्यासाठी यादीच्या आतच सोय करायची.

अशा बहुतेक वॉर्डांना चौदा दिवस बसतात, असं माझं मत आहे. दोन आठवड्यांची यादी, तिच्या पहिल्या दिवसाच्या चौदा दिवस आधी. सोमवार 17 ऑगस्ट ते रविवार 30 ऑगस्ट ही यादी असेल, तर ती सोमवारी 3 ऑगस्टला लागते. तिच्यासाठीच्या मागण्या, म्हणजे रजा, ठरावीक दिवशी ऑफ किंवा ‘त्या आठवड्यात नाइट नको’, 27 जुलैला बंद होतात. 30 जुलैला पेन्सिलीने लिहिलेली यादी बोर्डावर जाते आणि रविवारपर्यंत कुणीही येऊन ‘सिस्टर, हे जमणार नाही’ म्हणू शकते. पेन्सिलीतला बदल फुकट असतो, कारण तोवर त्या यादीवर कुणी आपलं घर बांधलेलं नसतं. सोमवारी शाईने लिहिली की ती शब्द दिल्यासारखी झाली. पुढची यादी 17 ऑगस्टला लागते, त्यामुळे कुठल्याही दिवशी प्रत्येकीला पुढचे निदान चौदा दिवस दिसतात.

गौरी-गणपती आणि दिवाळी यांना चौदा दिवस पुरत नाहीत, कारण गावाला जायचं तर रेल्वेचं आरक्षण कितीतरी आधी काढावं लागतं. त्यांची यादी वेगळी करायची आणि दोन-तीन महिने आधी लावायची. गेल्या वर्षी दिवाळीला कोण घरी होतं ते तिच्या शेजारच्या रकान्यात लिहायचं. तो रकाना असला की वाद निम्मे होतात.

आता शाईनंतरच्या आजारपणाचं काय? इथे थोडा हिशेब करावा लागतो. समजा, तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड आहे. मॉर्निंग सात ते दोन, इव्हिनिंग दोन ते नऊ, नाइट नऊ ते सात. मॉर्निंगला चार, इव्हिनिंगला तीन, नाइटला दोन नर्स हव्यात. दिवसाला नऊ ड्यूट्या, आठवड्याला त्रेसष्ट. वॉर्डात तेरा जणी आहेत आणि प्रत्येकीच्या आठवड्याला सहा ड्यूट्या, म्हणजे हाताशी अठ्ठ्याहत्तर. त्यातल्या दोन नाइट संपवणाऱ्यांच्या जादा ऑफमध्ये जातात, साधारण सहा रजेत. सत्तर उरतात. सत्तरातून त्रेसष्ट गेले की सात, म्हणजे दिवसाला एक माणूस शिल्लक.

हे शिल्लक माणूस बहुतेक वॉर्डांत दिसतच नाही. यादी लिहिताना ते मॉर्निंगमध्ये पाचवं म्हणून मिसळून जातं, कारण मॉर्निंगला काम जास्त असतं. मग इव्हिनिंगची मुलगी आजारी पडली की घरी ऑफवर असलेल्या कुणाला तरी फोन जातो. म्हणजे माणूस होतं, पण चुकीच्या जागी लिहिलं होतं.

त्याऐवजी त्या एका नावापुढे ‘रिलीव्हर’ लिहायचं आणि तिला दहा ते पाचची जनरल ड्यूटी द्यायची. तिचा नियम असा: त्या दिवशी सकाळी सहा ते नऊ फोन जवळ ठेवायचा. मॉर्निंगची कुणी आली नाही तर ती लगेच निघते. इव्हिनिंग किंवा नाइटची कुणी येणार नसेल तर त्यांनी सकाळी नऊच्या आत कळवायचं. मग रिलीव्हर दहाऐवजी दोन वाजता किंवा रात्री नऊ वाजता येते. कुणीच आजारी नसेल तर ती दहाला येते, आणि ही वेळ नवे पेशंट दाखल होण्याची आणि डिस्चार्ज देण्याची असल्यामुळे तिची मदतही होते. अनिश्चितता आहे तशीच राहते, पण तिचा दिवस आणि माणूस चौदा दिवस आधी माहीत असतात. गुरुवारी माझी रिलीव्हर आहे हे माहीत असलेली बाई गुरुवारी मुलांना आजीकडे ठेवते. शुक्रवारी ऑफ आहे असं धरून सासरी निघालेल्या बाईला फोन करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

यात एक अडचण आहे आणि ती आधी लक्षात न घेतल्यास सगळं बिघडतं. रिलीव्हरला नाइट करावी लागली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुटते. त्या दिवशी तिला इव्हिनिंग लावलेली असेल तर झोपायला वेळ नाही, मॉर्निंग असेल तर शक्यच नाही. म्हणून रिलीव्हरच्या दुसऱ्या दिवशी तिचा साप्ताहिक ऑफ ठेवायचा. तेरा जणींचे आठवड्याला तेरा ऑफ असतात, त्यातले सात असे बसवता येतात. आणि नाइट झालीच तर तो ऑफ झोपेत जातो, म्हणून बदली ऑफ द्यायचा, त्याच दिवशी तारीख लिहून. ‘बघू नंतर, देते तुला कधीतरी’ हे वाक्य ज्या वॉर्डात चालतं, तिथे पुढच्या वेळी कुणी फोन उचलत नाही.

सगळं असंच होईल असंही नाही. समजा गुरुवार 20 ऑगस्टला दुपारी साडेबाराला इव्हिनिंगच्या मुलीचा फोन येतो. तिच्या लहान मुलाला ताप भरला आहे. नऊची वेळ टळून गेली. रिलीव्हर दहालाच आली आहे, ती सातपर्यंत थांबते का असं विचारता येतं. ती हो म्हणाली तर दोन ते सात तिघी आहेत. सात ते नऊ दोघीच उरतात आणि आठची औषधं आहेत, म्हणून शेजारच्या वॉर्डातून एकीला पाऊण तासासाठी बोलवायचं. त्या दोन तासांसाठी घरी असलेल्या तिसरीला बोलवायचं की नाही, हा खरा निर्णय असतो. पेशंट फार गंभीर नसतील तर मी बोलवत नसे. कालची नाइट करून झोपलेल्या मुलीला उठवून आणलं, तर औषधात चूक होण्याची भीती दोघींवर दोन तास काढण्यापेक्षा मला जास्त वाटे.

अशा वेळी कुणाला आधी विचारायचं याचा क्रम आधीच लिहून ठेवावा लागतो. आधी रिलीव्हर, मग शेजारच्या वॉर्डातली रिलीव्हर, मग ज्यांनी ‘जादा ड्यूटी चालेल’ म्हणून स्वतःहून नाव दिलं आहे त्या, आणि सगळ्यात शेवटी ऑफवाल्या. पहिले अठ्ठेचाळीस तास सोडून पुढच्या दिवसांतला बदल असेल तर निरोप पाठवून उत्तराची वाट बघता येते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत मात्र फोनच करायचा. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, दोन निळ्या खुणा आल्या, म्हणून ती येणार असं धरायचं नाही. ती नाइट करून झोपली असेल आणि फोन तिच्या मुलाच्या हातात असेल.

क्रम लिहिलेला नसला की काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. फोन नेहमी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांना जातो. त्या जवळ असतात, बहुतेकींची लग्नं झालेली नसतात, लांबच्या गावाहून आलेल्या असतात आणि नाही म्हणायला घाबरतात. एका ठिकाणी माझ्यासोबत कामाला असलेल्या एका मुलीचे एका महिन्यात चार ऑफ असे गेले. ते कुणी दुष्टपणाने केलं नव्हतं. प्रत्येक वेळी ‘तीच जवळ आहे’ हे कारण खरंच होतं. चार बदल एकापुढे एक मांडून कुणी बघितले नव्हते, एवढंच. ती पुढच्या महिन्यात सोडून गेली आणि तेरा जणींची यादी बारा जणींत बसवायची वेळ आली. म्हणून बदलांच्या वहीत चौथा रकाना हवाच: बदल कुणाला सोसावा लागला. महिन्याअखेर नावांपुढच्या खुणा मोजल्या की एखाद्या नावापुढे गर्दी दिसते. पुढच्या महिन्यात ते नाव विचारायच्या यादीत सगळ्यात खाली जातं.

आपसात केलेली अदलाबदल ही वेगळी गोष्ट. ती नर्सेसच्या सोयीची असते आणि तिला मी कधी अडवत नसे, पण तीन गोष्टी बघत असे. दोघी सारख्या अनुभवाच्या आहेत का, नाहीतर नाइटला दोन्ही नवख्याच राहतात. कुणाला इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग किंवा नाइटनंतर लगेच ड्यूटी लागत नाही ना. आणि कुणाचा आठवड्याचा ऑफ नाहीसा होत नाही ना. मग दोघींच्या सह्या घेऊन बोर्डावरच्या यादीत बदल. सही झाली की ती ड्यूटी घेणारीची. नंतर ती आली नाही तर जाब तिला विचारायचा, मूळ नावाला नाही. तोंडी अदलाबदलीत हाच घोळ होतो. दोघी म्हणतात, ‘मला वाटलं ती येणार आहे.’

बोर्डावरची यादी हीच खरी मानायची, हेही सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं. हल्ली यादी लागली की लगेच फोटो काढले जातात. दोन दिवसांनी बदल होतो आणि ग्रुपवर जुना फोटो फिरत राहतो. शुक्रवारी एकाच इव्हिनिंगला चार जणी येतात आणि शनिवारी दोघी. यावर उपाय साधा आहे. बदल करताना व्हाइटनर लावायचं नाही. जुनं अक्षर एका रेघेने खोडायचं, शेजारी लाल शाईने नवं, आणि कोपऱ्यात बदलाचा क्रमांक, तारीख आणि वेळ. नवा फोटो इनचार्जनेच टाकायचा, आणि त्यात ‘बदल 3, मंगळवार, दुपारी 4’ हे ठळक दिसलं पाहिजे. खोडलेलं अक्षर दिसत राहिलं की कुणाचं काय बदललं ते महिन्याने सुद्धा वाचता येतं.

तीच वही महिन्याअखेर पुन्हा उघडायची. एकूण बदल किती, यापेक्षा ते कुठल्या ढिगातले हे बघायचं. पहिल्या ढिगातले, म्हणजे घरच्या कारणांचे बदल अजून येत असतील, तर मागण्या विचारायची पद्धत चुकते आहे. काही मुली लेखी मागत नाहीत, त्यांना समोर बसवून विचारावं लागतं. दुसऱ्या ढिगातले येत असतील तर मेट्रनकडे जायला हवं. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीच्या दुकानांत 2015-16 मध्ये वेळापत्रकं स्थिर करून बघण्याचा प्रयोग झाला. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे तास सारखे बदलतात असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात पुष्कळसा गोंधळ मुख्य कार्यालयातून येत होता: माल येण्याची तारीख बदलली, सेलचे फलक बदलले, कुणी मोठा अधिकारी भेटीला येणार. वेळापत्रकं स्थिर केलेल्या दुकानांची विक्री सुमारे सात टक्के वाढली. रुग्णालयाचंही तसंच आहे. पेशंट अचानक येतात हे खरं, पण बुधवारचे सर्जन अचानक येत नाहीत. त्यांची तारीख ऑफिसात ठरते आणि वॉर्डाला मंगळवारी रात्री कळते.

एकच बदल पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो बदल म्हणून धरायचाच नाही. दर सोमवारी मॉर्निंगला पाचवी लागते, कारण रविवारी थांबलेले डिस्चार्ज आणि नवे पेशंट एकाच वेळी येतात, हे वहीत चार सोमवार दिसलं की पाचव्या सोमवारी रिलीव्हर शोधत बसायचं नाही. सोमवारची मॉर्निंग पाच जणींची करायची आणि ती एक ड्यूटी रविवारच्या मॉर्निंगमधून घ्यायची. रविवारी तीस खाटा तशाच असतात, पण राउंड छोटे आणि तपासण्या कमी, तिथे तिघी पुरतात की नाही हे दोन रविवार बघून ठरवता येतं.

नाइट मात्र मला शेवटपर्यंत पूर्ण जमली नाही. रात्री साडेआठला ‘मला चक्कर येते आहे’ असा फोन आला की वर सांगितलेल्यातलं काहीच लागू पडत नाही. रिलीव्हर पाचलाच घरी गेलेली असते. इव्हिनिंगमधल्या एकीने बारापर्यंत थांबायचं आणि तेवढ्या वेळात आयसीयूकडे कुणी मोकळं होतं का ते बघायचं, एवढाच रस्ता उरतो. थांबणारीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असेल, तर त्या मॉर्निंगला दुसरं माणूस शोधायचं काम मी रात्री तिथेच बसून संपवत असे. वहीत लिहायचं आणि तिला घरी सोडायला रुग्णालयाची गाडी सांगायची.